विश्लेषण : ऑनलाइन गेममध्ये सलग हरलो की ‘गेम फिक्स आहे’ असं का वाटतं?

पिंपळे सौदागरमध्ये कुणाल आयकॉन रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. बीजीएमआय खेळणारी मुलं म्हणतात, “पाच मॅच जिंकल्या की गेम मुद्दाम हरवतो.” मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारे आयटीवालेही तेच म्हणतात. यात तथ्य किती?

रेटिंग म्हणजे नेमकं काय?

बहुतेक रेटिंग पद्धतींचं मूळ आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पद्धतीत आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती 1970 मध्ये स्वीकारली. रेटिंग हा एक अंदाज असतो. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कोणाला किती गुण मिळायला हवेत हे आधी काढलं जातं. फरक शून्य असेल तर अपेक्षा निम्म्या गुणाची. 400 चा फरक असेल तर वरच्या खेळाडूने 11 डावांत साधारण 10 गुण मिळवावेत. डाव संपला की प्रत्यक्ष गुणांतून अपेक्षित गुण वजा करायचे आणि उरलेल्या फरकाला एका ठरावीक आकड्याने गुणायचं. फिडेमध्ये हा आकडा नवख्यांसाठी 40, बहुतेकांसाठी 20 आणि एकदा 2400 गाठलेल्यांसाठी 10 असतो. म्हणून नवख्याचं रेटिंग उड्या मारतं आणि मुरलेल्याचं हळूहळू सरकतं.

मग सलग हार का होते?

समजा, तुमची खरी ताकद 1500 ची आहे आणि आकडा 20 आहे. बरोबरीच्या खेळाडूंशी सलग पाच डाव जिंकलात, प्रत्येकी 10 गुण मिळाले, रेटिंग झालं 1550. खेळ तोच आहे, फक्त नशिबाने साथ दिली. आता यंत्रणा तुम्हाला 1550 वाल्यांसमोर बसवते. त्यांच्यासमोर 1500 च्या खेळाडूची अपेक्षा 50 वरून 43 टक्क्यांवर येते. कोणी काही फिरवलेलं नाही, तरी पुढच्या डावांत तुम्ही जिंकण्यापेक्षा जास्त हरणार आणि हळूहळू जागेवर येणार.

उरलेलं काम निव्वळ योगायोग करतो. अगदी 50-50 संधीच्या 100 मॅच खेळल्या, तर त्यात कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे 81 टक्के असते. सलग सहा पराभवांची शक्यताही निम्म्याहून जास्त. त्यात हरल्यावर चिडून रात्री एक वाजता “अजून एकच” म्हणून बसणारा माणूस 1500 चा राहत नाही, तो भाग वेगळा.

संशय अगदीच निराधार आहे असंही नाही. खेळाडूंना गेममधली खरेदी करावीशी वाटेल अशा पद्धतीने जोड्या लावण्याच्या तंत्राचं पेटंट ॲक्टिव्हिजन कंपनीला 2017 मध्ये मिळालं होतं. ते कोणत्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पण पारख करता येते. बुद्धिबळाच्या ॲपवर प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग दिसतं. शेवटच्या 100 डावांचे अपेक्षित गुण आणि मिळालेले गुण लिहून बेरजा जुळवा. त्या जवळपास जुळल्या आणि सलग विजयानंतरचे प्रतिस्पर्धीही तुमच्याच रेटिंगच्या आसपासचे निघाले, तर हातचलाखीला फारशी जागा उरत नाही. जिथे जोडी लावणारं रेटिंग पडद्याआड असतं, तिथे खेळाडूला ही पडताळणी करताच येत नाही. माझ्या मते संशय टिकून राहण्याचं मोठं कारण हेच आहे.

रँक काय मोजतो?

नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण घ्या. जुलै 2025 मध्ये बातुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हम्पी होती, दिव्यापेक्षा सुमारे 80 गुणांनी वर. एवढ्या फरकात दिव्याकडून एका डावात साधारण 0.39 गुणाची अपेक्षा होती. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. प्रत्येक डावात अपेक्षेपेक्षा 0.11 गुण जास्त, गुणक 10, म्हणजे दोन डावांत मिळून कमाई जेमतेम दोन गुणांची. जलद टायब्रेकमधला विजय मुख्य रेटिंगमध्ये धरला जात नाही. पण त्याच विजयाने तिला विश्वचषक आणि थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. एरवी त्यासाठी तीन नॉर्म आणि 2500 रेटिंग लागतं.

म्हणजे रेटिंग पुढच्या डावाचा अंदाज सांगतं, तर किताब घडून गेलेली कामगिरी नोंदवतो. मोबाइल गेममधला प्लॅटिनम किंवा एस हा रँक या दोन्हींची सरमिसळ असतो. बीजीएमआयमध्ये किती वेळ तग धरला आणि किती जणांना टिपलं यावर गुण मिळतात आणि नव्या सीझनला रँक खाली येतो. त्यामुळे रोज चार तास देणारा, सहकाऱ्यांची पक्की टोळी असलेला खेळाडू वर दिसतो, आणि त्याच ताकदीचा पण फक्त शनिवार-रविवारी खेळणारा खाली. या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं, तर पैज नुसता बिल्ला पाहून लावू नका.