बटणावरचा अंगठा

क्रेनची मोटर जळाली की पहिला प्रश्न ठरलेला: 'वजन जास्त उचललं होतं का?' ऑपरेटर नाही म्हणतो, आणि पुष्कळदा तो खरंच बोलत असतो. दहा टनांच्या क्रेनने कधी दहा टनांच्या वर उचललेलं नसतं. मोटरही हिशेबाने लागते त्याहून मोठीच बसवलेली असते. तरी वाइंडिंग काळं पडतं, रिवाइंडिंग करून आणलेली मोटर वर्षभरात पुन्हा जाते आणि मग दोष कधी तांब्यावर, कधी वार्निशवर, कधी व्होल्टेजवर ढकलला जातो. नेमप्लेटवरच्या किलोवॅटच्या शेजारी जे दोन-तीन बारीक आकडे असतात, ते मात्र कोणी वाचत नाही.

कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीत असते तशी एक क्रेन डोळ्यांपुढे आणू. दहा टनांची ईओटी, म्हणजे वरच्या रुळांवरून फिरणारी क्रेन. हुक मिनिटाला सहा मीटर वर जातो. हुक-ब्लॉकचे तीनशे किलो धरून एकूण १०,३०० किलो सेकंदाला ०.१ मीटर वेगाने उचलायचे आहेत. गिअरबॉक्स, ड्रम आणि पुली मिळून पंधरा टक्के शक्ती घर्षणात जाते असं धरलं, तर हिशेब सरळ आहे:

P = m·g·v / η = 10300 × 9.81 × 0.1 / 0.85 ≈ 11900 W

म्हणजे साधारण १२ किलोवॅट. बाजारात ११ च्या पुढचा सर्रास मिळणारा आकडा १५. तेव्हा १५ किलोवॅट, सहा पोल. खरेदी विभागाचं काम इथे संपतं. पण १५ किलोवॅटची कोणती मोटर, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पंपावर बसते ती मोटर सकाळी सुरू होते आणि संध्याकाळी थांबते. तिच्या प्लेटवर एस-१ लिहिलेलं असतं, म्हणजे अखंड चालण्याची ड्युटी. काही वेळाने ती एका ठरावीक तापमानाला पोचते आणि तिथेच राहते, कारण जितकी उष्णता आत तयार होते तितकीच तिच्या शेपटीला बसवलेला पंखा बाहेर काढतो. क्रेनच्या मोटरला ही स्थिरता मिळतच नाही. ती चालते, थांबते, उलटी फिरते, पुन्हा थांबते. आणि ती थांबली की तिचा पंखाही थांबतो.

आता आपल्या क्रेनच्या एका फेरीवर घड्याळ लावू. माल उचलायला ३० सेकंद, क्रेन दुसरीकडे नेईपर्यंत हॉइस्ट बंद, माल उतरवायला ३०, हुक सोडवणं, रिकामा हुक वर घ्यायला ३०, परतीचा प्रवास, हुक खाली यायला ३०, पुन्हा स्लिंग अडकवणं. अख्खी फेरी पाच मिनिटांची आणि त्यात हॉइस्टची मोटर दोन मिनिटं चालू. पाचात दोन म्हणजे ४० टक्के. हा झाला ड्युटी सायकलचा आकडा, कॅटलॉगमध्ये सीडीएफ म्हणून येतो तो. १५, २५, ४० आणि ६० टक्के अशा त्याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत.

या टक्क्यात एक फसगत आहे. तो दहा मिनिटांच्या चक्रावर मोजलेला असतो, दिवसावर नव्हे. ४० टक्क्यांची मोटर म्हणजे चार मिनिटं चालणारी आणि सहा मिनिटं निवणारी मोटर. 'आमची क्रेन आठ तासांत तीनच तास चालते, म्हणजे चाळीस टक्केसुद्धा नाही' असं कारखान्यात ऐकू येतं. पण ते तीन तास सलग असतील तर या मोटरच्या दृष्टीने ती अखंड ड्युटीच झाली. एकच मोटर ४० टक्क्यांना १५ किलोवॅटची असेल, तर ६० टक्क्यांना तिच्याकडून अंदाजे सव्वाबाराच मागता येतात. टक्क्यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढून हा अंदाज बांधतात. कॅटलॉगमधला आकडा थोडा इकडेतिकडे निघेल.

पण टक्का बरोबर काढला तरी अर्धाच हिशेब झाला. उरलेला अर्धा ऑपरेटरच्या अंगठ्यात असतो.

केज मोटर थेट लाइनवर सुरू केली की पहिल्या क्षणी ती नेहमीच्या सहापट करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या क्षणापुरती छत्तीसपट. सुरुवात सावकाश झाली काय आणि झटकन झाली काय, रोटरमध्ये किमान तेवढी उष्णता उतरतेच, जेवढी ऊर्जा फिरणाऱ्या भागांना वेगात आणायला लागते. अंगावर वजन लटकत असेल तर आणखी जास्त. आणि हे फिरणारे भाग कोणते? दहा टन वजन मिनिटाला सहा मीटरने जाताना त्याच्यात गतीची ऊर्जा असते जेमतेम ५० ज्यूल. मोटरचा रोटर, कपलिंग आणि ब्रेकड्रम यांच्यात मात्र हजाराच्या आसपास ज्यूल साठतात, कारण ते मिनिटाला हजाराच्या घरात फिरतात. म्हणजे मोटर सुरुवातीला तापते ती मुख्यतः स्वतःलाच फिरवण्यात. म्हणूनच 'जळते ना, मग एक साइझ मोठी घाला' हा उपाय नेहमी लागू पडत नाही. मोठ्या मोटरचा रोटरही जड असतो, आणि प्रत्येक सुरुवातीची किंमत वाढते.

फाउंड्रीत हे जास्त बोचतं, कारण तिथे साचा बंद करायचा असतो. वरची पेटी खालच्या पेटीवर अशी टेकवायची की पिना भोकांत बसाव्यात आणि आतला कोअर मोडू नये. ऑपरेटर पेंडंटचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबतो. खाली, खाली, जरा वर, पुन्हा खाली. त्याला वाटतं आपण मोटरला नुसतं हलवतोय. पण असली मोटर एक-दोन दशांश सेकंदात जवळजवळ पूर्ण वेग गाठते. अंगठ्याची टिचकी त्याहून लांब असते. म्हणजे उष्णतेच्या खात्यात ती टिचकी नव्हे, पूर्ण स्टार्ट म्हणूनच लिहिली जाते.

एका फेरीत असे तीस दाब धरू. तासाला बारा फेऱ्या, म्हणजे ३६० स्टार्ट. पंधरा किलोवॅटच्या मोटरला एका स्टार्टमागे स्टेटर आणि रोटर मिळून सरासरी चार किलोज्यूल धरले, तर तासाला १,४४० किलोज्यूल. नुसतं वरखाली चालण्याच्या नुकसानातून तासाभरात तयार होणारी उष्णता काढली, तर तीही १,४०० च्या आसपास येते. निम्मी उष्णता चालण्याची, निम्मी नुसत्या सुरुवातींची.

हे एस-१ मोटरला झेपेल का? पंखा फिरत असताना ती सेकंदाला सुमारे १.८ किलोज्यूल बाहेर टाकू शकते, थांबलेली असताना त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. ४० टक्के चालण्यावर सरासरी पडते १.१ च्या आसपास. आपली गरज सेकंदाला ०.८. कागदावर झेपलं! पण त्या ३६० पैकी एक तृतीयांश दाब उलटे असू द्या, मोटर खाली फिरत असतानाच 'वर' दाबलेले. तिला आधी थांबवून मग उलट फिरवायचं म्हणजे रोटरमधली उष्णता साध्या स्टार्टच्या चौपट. एवढ्याने गरज १.२ वर जाते. वर भट्टीजवळचं छपराखालचं तापमान आणि फिन्समध्ये बसलेली वाळू. मोटर उगाच जळत नाही.

म्हणूनच एस-१ च्या पुढे वेगळ्या ड्युटी आहेत. एस-३ मध्ये चालू-बंद धरलेलं असतं, पण सुरुवातीची उष्णता नगण्य मानलेली असते. केज मोटरच्या क्रेनला ते पुरत नाही. एस-४ सुरुवातीही मोजते, एस-५ त्याशिवाय विजेने ब्रेक लावण्याची उष्णताही. या दोन्हींत टक्क्याबरोबर तासाचे स्टार्ट लिहावे लागतात: ९०, १५०, ३०० असे. क्रेन-ड्यूटी मोटर म्हणून जी मिळते तिच्या प्लेटवर 'एस-४, ४० टक्के, १५० स्टार्ट' असं काहीसं असतं. तो दीडशेचा आकडा आपल्या ३६० च्या निम्माही नाही, आणि नेमकं इथेच पुष्कळांचं चुकतं. स्पेसिफिकेशन जुन्या क्रेनचं उचललेलं असतं. दाब कोणी मोजलेले नसतात. मोजणं काही अवघड नाही. हॉइस्टच्या दोन्ही कॉन्टॅक्टरच्या मोकळ्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर एकेक काउंटर जोडायचा आणि कामाच्या ऐन गर्दीच्या पाळीत सोडून द्यायचा. सरासरी दिवसाची नको, सगळ्यात वाईट तासाची हवी.

जळालेली मोटरही बरंच सांगते. सगळी कॉइल्स सारखी काळी झाली असतील तर एकूण उष्णता जास्त झाली. स्टार जोडणीत दोन फेजची काळी आणि तिसरी कोरी असेल तर एक फेज गेली होती, ड्युटीचा संबंध नाही. रोटर निळसर पडला असेल, बार एंडरिंगजवळ चिरले असतील किंवा अ‍ॅल्युमिनिअमचे थेंब बाहेर उडाले असतील, तर संशय थेट स्टार्टवर घ्यावा. रिवाइंडिंगवाल्याकडे मोटर पाठवताना रोटर पाहायला सांगावं. तो फक्त स्टेटर भरून देतो, आणि दुखणं तसंच राहतं.

मग ३६० स्टार्टना काय करायचं? पूर्वी स्लिपरिंग मोटर घालत. सुरुवातीची बरीचशी उष्णता मोटरबाहेर, रेझिस्टन्स बॉक्समध्ये जाते. आज बहुतेक ठिकाणी व्हीएफडी बसते. ती फ्रीक्वेन्सी शून्याजवळून चढवत नेते, त्यामुळे मोटर कधीच सहापट करंट ओढत नाही आणि स्टार्टचा प्रश्न जवळपास मिटतो. शिवाय साचा बंद करताना हळू वेगाने सलग उतरवता येतं, टिचक्यांची गरजच संपते. पण हळू फिरणाऱ्या मोटरचा पंखाही हळू फिरतो. दर फेरीत दोन मिनिटं रांगायचं असेल, तर स्वतःच्या वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा मागवावा लागतो आणि ड्युटी ४० ऐवजी ६० टक्क्यांची धरावी लागते, कारण तेच काम आता जास्त वेळ चालतं. व्हीएफडी परवडत नसेल तर मायक्रो-स्पीड, म्हणजे दहाव्या हिश्श्याच्या वेगासाठी छोटी वेगळी मोटर, हाही जुना आणि भरवशाचा मार्ग आहे.

राहिली तापमानाची बाब. क्लास एफ इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत टिकतं, पण त्या मर्यादेवर रोज चालवायचं नसतं. दर दहा अंशांमागे इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. नेहमीच्या मोटरचे आकडे ४० अंशांच्या हवेसाठी असतात. भट्टीच्या वर क्रेनच्या उंचीवर ५० सहज भरतात. म्हणून ऑर्डरमध्ये भोवतालचे ५० अंश लिहून द्यावेत आणि इन्सुलेशन एफ, पण तापमानवाढ क्लास बी इतकीच, म्हणजे ८० अंश, मागावी. ५० अंशांच्या हवेत तीही १० ने कमी धरतात.

पॅनेलमधल्या थर्मल रिलेवर इथे फार विसंबू नये. तो करंट पाहून अंदाज करतो. पंखा बंद आहे, फिन्स भरल्या आहेत हे त्याला कळत नाही. वारंवार स्टार्ट झाले की तो उगाच ट्रिप होतो, मग कोणीतरी त्याचं सेटिंग वाढवून ठेवतं. वाइंडिंगमध्येच बसवलेले थर्मिस्टर, दर फेजला एक, खरं तापमान पाहतात. मोटर नवी घेताना ते नाममात्र जास्तीच्या पैशांत मिळतात, पण तयार मोटरमध्ये नंतर बसवायचे तर वाइंडिंग उकलावं लागतं. मात्र तेही फक्त स्टेटर पाहतात. टिचक्यांनी तापणारा रोटर त्यांच्या नजरेआड राहतो, त्याला वाचवायचं तर स्टार्टच कमी करावे लागतात.