पेमेंट अडकतं कुठे?

सणाच्या सेलमध्ये काहींचं पेमेंट होतं, काहींचं फसतं. बँकेकडे विचारलं तर उत्तर येतं: आमच्या लॉगमध्ये तुमची विनंतीच नाही. शोध लावण्यासाठी हा धागा फार मोलाचा असतो.

दर विनंतीला नवं कनेक्शन जोडणं वेळखाऊ, म्हणून कीप-अलाइव्हने जुनंच उघडं ठेवून पुन्हा वापरतात. अशा कनेक्शन्सच्या साठ्याला पूल म्हणतात. जावामधल्या अपाची एचटीटीपी-क्लायंट ५ मध्ये एका ठिकाणासाठी मुळात फक्त ५ कनेक्शन्स मिळतात.

एका विनंतीला १०० मिलिसेकंद लागले, तर ५ कनेक्शन्स सेकंदाला ५० विनंत्या उरकतात. येतात ४०, सगळं सुरळीत. गर्दीत बँकेचं उत्तर २०० मिलिसेकंदांवर गेलं की क्षमता उरते २५. दर सेकंदाला १५ जण मागे राहतात. पाचव्या सेकंदाला रांग ७५ची, म्हणजे ३ सेकंदांची. प्रतीक्षेची मर्यादा तेवढीच ठेवली असेल, तर पुढे ४० पैकी १५ विनंत्या बाहेर न पडताच मरतात. चाचणीत हे दिसत नाही, कारण तिथे रांगच लागत नाही.

संख्या वाढवणं हा पहिला मोह. पण उत्तर पूर्ण वाचून कनेक्शन परत केलं नाही, तर मोठा पूलही आटतो. म्हणून आधी `getTotalStats()` मधले `leased` आणि `pending` हे दोन आकडे पाहा. `pending` चढत असेल, तर दोष बँकेत शोधण्याआधी स्वतःचा पूल तपासा.