विरजणच नाही, मग दही लागणार कसं?

नव्या शहरात, नव्या खोलीत पहिल्यांदा दही लावायचं म्हटलं की गाडी अडते विरजणावर. मग कोणीतरी सांगतं, "अगं, मिरचीची देठं टाक." हे चालतं का? चालतं, पण दर वेळी नाही.

दही लागतं ते जिवाणूंमुळे. ते दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि दूध आंबट होत होत घट्ट बसतं. उकळलेल्या दुधात असे जिवाणू फारसे उरत नाहीत, म्हणून ते बाहेरून द्यायचे. मिरचीच्या देठावर ते असतात. पण कोणते आणि किती, हे प्रत्येक मिरचीचं वेगळं. सगळी गोची इथेच आहे.

मी पाव लिटर दूध उकळून कोमट करते. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले, चटका बसला नाही, की बरोबर. मग ताज्या हिरव्या मिरच्यांची पाच-सहा देठं, त्या हिरव्या टोपीसकट, नुसत्या पाण्याने धुऊन दुधात पूर्ण बुडवायची. वर झाकण, आणि भांडं उबेत. दहा-बारा तास हलवायचं नाही. थंडीत याहून जास्त वेळ लागतो.

सकाळी जे मिळतं ते बहुतेकदा अदमुरं असतं. सैल, थोडं पाणी सुटलेलं, कधी तार येणारं. हे मी खात नाही, हे फक्त विरजण! देठं काढायची आणि यातला एक चमचा पुन्हा पाव लिटर कोमट दुधात घालायचा. दुसरं दही लवकर आणि घट्ट लागतं, तिसरं बऱ्यापैकी कवडी. कारण दर फेरीत आंबटपणात तग धरणारे जिवाणू वाढतात, बाकीचे मागे पडतात.

बारा तासांनीही दूध पातळच असेल आणि आंबूस वासाऐवजी कुबट किंवा सडका वास येत असेल, वर बुडबुडे, गुलाबी-हिरवे डाग दिसत असतील, तर सरळ ओतून द्या. चाखून बघू नका. दूध आंबट होण्याआधी त्या उबेत नको ते जिवाणूही वाढू शकतात.

ताक मिळत असेल तर मी देठांच्या वाटेला जातच नाही. ताक म्हणजे पाणी घातलेलं दहीच. त्यात हवे तेच जिवाणू आधीपासून आहेत, फक्त विरळ. म्हणून ताक तासभर स्थिर ठेवायचं, वरची निवळ ओतायची आणि तळाचा दाट भाग दोन चमचे पाव लिटरला घालायचा. दही पहिल्याच फेरीत लागतं, थोडं सैल असेल इतकंच. मात्र ताक ताजं आणि बिनमसाल्याचं हवं. फ्रीजबाहेर महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं ताक चालत नाही, कारण ते टिकावं म्हणून तापवलेलं असतं आणि त्यातले जिवाणू मेलेले असतात.

आणि हो, कोणी लिंबू पिळायला सांगितलं तर त्याने दूध फाटतं, दही लागत नाही. त्याचं पनीर करा.