ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे काय? कलिंगडाचा आकडा वेफर्सपेक्षा जास्त कसा?

घाटकोपर किंवा बोरिवली स्टेशनबाहेर उन्हाळ्यात कापलेल्या कलिंगडाची प्लेट मिळते आणि शेजारच्या दुकानात बटाटा वेफर्सचं पाकीट. ग्लायसेमिक इंडेक्सच्या (जीआय) तक्त्यात कलिंगडाचा आकडा आहे साधारण ७६ आणि वेफर्सचा ५६. फक्त हा तक्ता पाहिला, तर मधुमेह असलेली व्यक्ती कलिंगड सोडून वेफर्स घेईल. मग चूक कुठे होते?

हा आकडा कसा काढतात?

१९८१ मध्ये टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी जीआयची संकल्पना मांडली. चाचणीत उपाशीपोटी असलेल्या निरोगी लोकांना तो पदार्थ खायला देतात आणि पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजतात. तितक्याच कर्बोदकांच्या ग्लुकोजने साखर जेवढी वाढते ते १०० धरून तुलना होते. ५५ किंवा कमी म्हणजे कमी जीआय, ७० किंवा जास्त म्हणजे उच्च.

खरी मेख प्रमाणात आहे. चाचणीत साधारणपणे ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ द्यावा लागतो. कलिंगडात बहुतांश पाणीच असल्याने त्यासाठी ६५० ते ७०० ग्रॅम गर खावा लागेल. एका प्लेटमध्ये इतकं कुठे असतं?

प्रत्यक्ष हिशेब काय सांगतो?

जीआयला खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागलं की ‘ग्लायसेमिक लोड’ मिळतो. दीडशे ग्रॅम कलिंगडात सुमारे ११ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे लोड साधारण ८. पन्नास ग्रॅम वेफर्समध्ये सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे लोड साधारण १५. चित्र उलटं झालं.

मग वेफर्सचा जीआय कमी का?

तेलामुळे पोट हळू रिकामं होतं आणि साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणूनच उकडलेल्या बटाट्याचा आकडा ७८ च्या आसपास, तर तळलेल्या वेफर्सचा त्याहून कमी. पण पाकिटातलं तेल, मीठ आणि कॅलरी जीआय मोजतच नाही.

ताटाचं काय?

आपण नुसता भात क्वचितच खातो. त्यासोबत वरण, पालेभाजी किंवा मासे असले की प्रथिनं आणि तंतूंमुळे साखर चढण्याचा वेग बदलतो. भात किती शिजवला, तांदूळ कोणता, यानेही आकडा बदलतो. शिवाय एकच पदार्थ दोन माणसांत वेगळी वाढ दाखवू शकतो.

त्यामुळे जीआय उपयोगी पडतो तो एकसारख्या पदार्थांत निवड करताना, उदाहरणार्थ दोन प्रकारच्या तांदळांत. ताट ठरवताना मात्र भाताचं प्रमाण आणि सोबत काय आहे, हे आधी पाहावं लागतं. घरी ग्लुकोमीटर असेल, तर जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी घेतलेलं रीडिंग त्या जेवणाबद्दल तक्त्यापेक्षा जास्त सांगतं. औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहारातला बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.