रात्री न दिसणारा हिरवा

शेतमालाचे भाव दाखवणाऱ्या एका ॲपमध्ये आकडे गडद हिरव्या रंगात होते: `#1B5E20`. पांढऱ्या पार्श्वभूमीवर या रंगाचा कॉन्ट्रास्ट सुमारे ७.९ : १, म्हणजे वाचायला उत्तम. डार्क थीम आली, पार्श्वभूमी `#121212` झाली आणि आकडे जवळजवळ दिसेनासेच झाले. आता गुणोत्तर होतं फक्त २.४ : १. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतं.

चूक रंगाची नव्हती, तो कोडमध्ये पक्का ठोकून ठेवल्याची होती. मटेरियलमध्ये रंगाला नाव नसतं, भूमिका असते. `primary` ही भूमिका उजेडात त्या छटेचा गडद टोन घेते (४०), तर अंधारात फिकट (८०). आम्ही डार्क थीमच्या `primary`ला `#A5D6A7` दिला, गुणोत्तर ११.४ वर गेलं.

अँड्रॉइड १२ पासून वॉलपेपरवरून रंग घेणारी डायनॅमिक थीम मिळते. तिथे `primary`वरच्या मजकुराला `onPrimary`च द्यावा, कारण ही जोडी मिळूनच बदलते. एकीकडे स्वतःचा रंग घुसवला, की उद्या कुणी वॉलपेपर बदलल्यावर बटणावरची अक्षरं पुसट होतात. म्हणून तपासणी दोन-तीन वेगवेगळे वॉलपेपर लावून, दोन्ही थीममध्ये करावी.