तीस यंत्रांत एकही चूक नाही, म्हणजे नेमकं काय?

मतमोजणीच्या शेवटच्या फेरीनंतर अजून एक काम उरतं. मतदान केंद्रांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून हलवतात, पाच काढतात, आणि त्या केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅटमधल्या कागदी पावत्या हाताने मोजल्या जातात. पावत्यांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे आणि बेरीज यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायची. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागे एकवरून पाच केली. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात, म्हणून एका मतदारसंघात तीस यंत्रं.

तीसही जुळली, असं समजू. बाकीच्या यंत्रांबद्दल काय म्हणता येईल?

आधी एक सोपा प्रश्न घेऊ. एखाद्या मतदारसंघात खरोखर ४० टक्के मतदार एका उमेदवाराच्या बाजूने आहेत आणि आपण कोणतेही ६०० मतदार चिठ्ठ्या टाकून निवडून विचारतो. उत्तर नेमकं ४० टक्के येईलच असं नाही. आज ३८ येईल, नव्याने ६०० निवडले तर ४१. अशी निवड हजारो वेळा केली आणि दरवेळचा टक्का कागदावर मांडत गेलो, तर ठिपक्यांचा एक ढीग तयार होतो. चाळीसच्या आसपास उंच, दोन्हीकडे उतरता, देवळातल्या घंटेसारखा. हे नमुना वितरण. प्रत्यक्षात आपल्या हाती त्यातला एकच ठिपका असतो, पण ढीग किती पसरट आहे हे गणिताने आधीच सांगता येतं. ०.४ ला उरलेल्या ०.६ ने गुणा, ६०० ने भागा आणि वर्गमूळ घ्या: ०.०२, म्हणजे दोन टक्के. ही मानक त्रुटी. शंभरातल्या साधारण ९५ नमुन्यांचा टक्का तिच्या दुपटीच्या आत, ३६ ते ४४ मध्ये पडतो. त्रुटी निम्म्यावर आणायची असेल तर माणसं दुप्पट नव्हे, चौपट विचारावी लागतात.

हाच हिशेब यंत्रांना लावला की गाडी अडते.

समजा, मतदारसंघातल्या २ टक्के यंत्रांत गडबड आहे. (हा फक्त मानलेला आकडा, कुठे असं आढळलं, असा दावा नाही.) तीसच्या नमुन्यासाठी मानक त्रुटी २.५६ टक्के येते. दोनमधून तिची दुप्पट वजा केली तर उत्तर उणे तीन टक्के! उणे तीन टक्के यंत्रं बिघडलेली असणं शक्यच नाही. सूत्र चुकलेलं नाही. पसारा खरोखरच तेवढा आहे. चुकला आहे तो घंटेचा आकार. तीस यंत्रांत बिघडलेली शून्य, एक, दोन अशीच सापडणार, म्हणजे टक्का शून्य, ३.३ किंवा ६.७. ढीग शून्याच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि त्याची शेपटी फक्त उजवीकडे जाते.

हे आधीच ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती अपेक्षित आहेत ते मोजा; दोन्ही निदान दहा असावेत. मतदारांच्या उदाहरणात ते २४० आणि ३६० होते, तिथे घंटा निर्धास्त वापरावी. यंत्रांच्या बाबतीत बिघडलेली अपेक्षित आहेत तीसच्या दोन टक्के, म्हणजे ०.६. नुसतं ‘नमुना तीसचा झाला की पुरे’ हे पाठ्यपुस्तकातून ऐकलेलं वाक्य इथे फसवतं, कारण ते सरासरीसाठीचं ढोबळ माप आहे. निवड चिठ्ठ्या टाकूनच झालेली हवी आणि नमुना एकूण संख्येच्या दहाव्या भागापेक्षा लहान हवा, याही अटी आहेतच. पण इथे मोडते ती पहिली.

मग घंटा बाजूला ठेवून सरळ मोजावं. एक यंत्र ठीक निघण्याची शक्यता ०.९८, तीसही ठीक निघण्याची शक्यता ०.९८ चा तिसावा घात, सुमारे ०.५५. म्हणजे २ टक्के यंत्रं खरोखर बिघडलेली असली तरी निम्म्याहून अधिक वेळा तपासणी स्वच्छ दिसेल.

मार्च २०१९ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अहवालात देशभरासाठी ४७९ यंत्रांचा नमुना सुचवला होता, तो याच अंगाने तपासून पाहावा. २ टक्के बिघाड असेल तर अपेक्षित बिघडलेली ९.६, खुणेच्या अगदी काठावर. सरळ हिशेबाने सगळी ठीक निघण्याची शक्यता लाखात सुमारे सहा. मात्र हा आकडा साऱ्या देशाच्या यंत्रांबद्दल बोलतो. गडबड एकाच मतदारसंघात एकवटली असेल, तर ४७९ पैकी तिथली यंत्रं एक-दोन असतील किंवा नसतीलही.

नमुन्यात शून्य सापडलं की मानक त्रुटीचं सूत्र आणखी एक घात करतं: सापडलेला टक्का शून्य घातला की त्रुटीही शून्य येते, जणू सारं पक्कं कळलं. तिथे तीनला नमुन्याच्या संख्येने भागावं. ९५ टक्के खात्रीने बिघाडाची ती जवळपासची कमाल मर्यादा. ४७९ स्वच्छ निघाली तर ०.६ टक्के. तीस स्वच्छ निघाली तर दहा टक्के.