कार्बनचे चार हात मोजा

भाचीनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. दहावीच्या विज्ञानातला कार्बनी संयुगांचा धडा, आणि पानाच्या मधोमध ईस्टर तयार होण्याचं समीकरण. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मामा, हे चार वेळा पाठ केलं, तरी परीक्षेत उलटसुलट होतं. आणि शेवटी ते पाणी कुठून येतं?’

प्रश्न अगदी नेमका होता. पाणी कुठून येतं हे ज्याला कळलं, त्याला ती अभिक्रिया कळली. पण फोटो नीट नव्हता. पुस्तकाच्या शिवणीकडे पान वाकलेलं, वरून ट्यूबलाइटची चमक, आणि बाणाच्या डोक्यावरची बारीक अक्षरं अर्धी कापलेली. अशा फोटोकडे बघून मुलं तो पाठ करायला बसतात आणि छापलेल्या आकृतीऐवजी फोटोतल्या चुका पाठ करतात. म्हणून मी तिला फोन केला आणि पहिलं काम सांगितलं, ‘आधी हे सगळं वहीत हातानं उतरव. मग बोलू.’

तिनं उतरवलेल्या आकृतीत आम्लाच्या कार्बनवर ऑक्सिजन होता, पण त्या दोघांमध्ये एकच रेघ. चमकेमुळे दुसरी रेघ फोटोत उमटलीच नव्हती. ही चूक पुस्तक न उघडताही सापडते, आणि ती कशी सापडते हेच मला तिला शिकवायचं होतं.

रचनेच्या आकृतीतली प्रत्येक रेघ म्हणजे दोन अणूंनी धरलेला हात. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एक. पुस्तक याला संयुजा म्हणतं. एकही हात रिकामा राहता कामा नये आणि एकही जास्तीचा असता कामा नये. मी म्हटलं, ‘त्या कार्बनचे हात मोज.’ तिनं मोजले. डावीकडे CH₃, उजवीकडे ऑक्सिजन, वर ऑक्सिजन. तीन झाले, चौथा रिकामा. मग वरच्या ऑक्सिजनचे मोजले, तर एक भरलेला आणि एक रिकामा. दोन शेजारी आणि दोघांचाही एकेक हात मोकळा. ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे इथं दोन रेघा हव्यात!’ तो दुहेरी बंध तिनं स्वतः शोधला, त्यामुळे आता तो ती विसरणार नाही.

दुरुस्त केलेली आकृती अशी होती:

```
    O                          O
    ‖                          ‖
CH₃–C–O–H  +  H–O–C₂H₅  →  CH₃–C–O–C₂H₅  +  H₂O
```

डावीकडचं पहिलं इथॅनॉइक आम्ल. व्हिनेगरला आंबटपणा येतो तो यामुळेच. त्याच्या शेजारी इथेनॉल. बाणाच्या उजवीकडे इथिल इथॅनोएट, म्हणजे ईस्टर, आणि पाणी. बाणावर लिहिलं होतं ‘आम्ल उत्प्रेरक’. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यासाठी संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब वापरतात.

मुलांचा खरा गोंधळ होतो तो COOH या लिखाणामुळे. जागा वाचवायला पुस्तक हा गट एका ओळीत लिहितं, आणि मूल तो तसाच वाचतं: कार्बनला ऑक्सिजन, त्याला दुसरा ऑक्सिजन, त्याला हायड्रोजन. मी भाचीला मुद्दाम ती चुकीची साखळीच काढायला लावली, C–O–O–H. मग पुन्हा हात मोजायला सांगितले. डावीकडच्या CH₃ चा एक आणि उजवीकडच्या ऑक्सिजनचा एक, कार्बनचे दोनच हात भरले आणि दोन हवेत राहिले. म्हणजे ही साखळी खरी असूच शकत नाही. दोन्ही ऑक्सिजन त्या एकाच कार्बनला जोडलेले आहेत, एक दुहेरी बंधानं आणि दुसरा एकेरी बंधानं. ज्याला एकेरी बंध आहे, त्याच्या दुसऱ्या हाताला हायड्रोजन. उजवीकडच्या COO चंही तेच. तिथं फक्त हायड्रोजनच्या जागी C₂H₅ येऊन बसतो.

ही आकृती काढायची कशाला, नुसतं रेणुसूत्र पाठ केलं तर चालणार नाही का, असं तिनं विचारलं. इथिल इथॅनोएटचं रेणुसूत्र C₄H₈O₂. ब्यूटॅनॉइक आम्लाचंही रेणुसूत्र अगदी हेच. पण पहिल्याला फळासारखा गोड वास येतो आणि दुसऱ्याला खवट लोण्याचा. अणू तेच आणि तेवढेच, फरक फक्त कुणी कुणाचा हात धरलाय याचा. रेणुसूत्रात हा फरक दिसत नाही, आकृतीत दिसतो.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे वळू. समीकरणाच्या दोन्ही बाजू एकाखाली एक ठेवून मी तिला विचारलं, ‘काय बदललं नाही ते आधी सांग.’ मुलं नेहमी काय बदललं ते शोधतात आणि अक्षरांच्या गर्दीत हरवतात. तिनं बोट ठेवून सांगितलं: आम्लाकडचा CH₃ तसाच आहे, दुहेरी बंधाचा ऑक्सिजन तसाच आहे, C₂H₅ ही तसाच आहे. एवढं खोडल्यावर डावीकडे उरलं काय? आम्लाचा OH, आणि अल्कोहोलचा O व H. त्यातला एक ऑक्सिजन ईस्टरच्या मधोमध बसला. बाकीचे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून पाणी झालं. पाणी बाहेरून कुणी ओतलेलं नाही, ते याच दोन रेणूंमधून बाहेर पडलं.

इथं तिनं फार चांगली शंका काढली. पाण्यातला ऑक्सिजन आम्लाचा की अल्कोहोलचा? कागदावर दोन्ही जमतं. आम्लानं OH सोडला आणि अल्कोहोलनं H सोडला, तरी हाच ईस्टर होतो. उलट केलं, आम्लानं H आणि अल्कोहोलनं OH सोडला, तरी हाच. अणू मोजून याचं उत्तर मिळत नाही, कारण सगळे ऑक्सिजन कागदावर सारखेच दिसतात. उत्तर प्रयोगानंच मिळालं. 1938 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट्स आणि युरी या रसायनशास्त्रज्ञांनी बेंझॉइक आम्ल आणि मिथेनॉल यांचा ईस्टर तयार केला. त्यातल्या मिथेनॉलमध्ये त्यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे नेहमीच्या 16 ऐवजी 18 वस्तुमानांकाचा ऑक्सिजन, जास्त प्रमाणात घातला होता. अल्कोहोलचा ऑक्सिजन कुठं जातो हे त्यावरून ओळखता येणार होतं. तो जड ऑक्सिजन ईस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे OH सोडतं ते आम्ल, आणि अल्कोहोल सोडतं फक्त H. काही वेगळ्या घडणीच्या अल्कोहोलांमध्ये मार्ग बदलतो, पण इथेनॉलसाठी हे पक्कं. मी तिला आकृतीत आम्लाच्या OH भोवती आणि अल्कोहोलच्या H भोवती पेन्सिलीनं एकच वेढा काढायला लावला. वेढ्यात आलं ते पाणी, आणि वेढ्याबाहेर राहिलेली दोन टोकं एकमेकांना जोडली की ईस्टर. ‘उलटसुलट’ व्हायचं कारणच त्या वेढ्यानं संपवलं.

मग अणूंची गोळाबेरीज. डावीकडे कार्बन दोन आणि दोन मिळून चार, हायड्रोजन चार आणि सहा मिळून दहा, ऑक्सिजन दोन आणि एक मिळून तीन. उजवीकडे ईस्टरमध्ये चार कार्बन, आठ हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. त्यात पाण्याचे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळवले की हिशेब जुळतो. अक्षराखालचा बारीक अंक फोटोत पुसट झाला असेल, तर तो इथंच पकडला जातो. भाचीनं C₂H₅ ऐवजी C₂H₆ उतरवलं असतं, तर डावीकडे अकरा हायड्रोजन झाले असते आणि उजवीकडेही अकराच. ती चूक दोन्ही बाजूंना सारखी झाल्यामुळे बेरजेत लपली असती. पण हात मोजले असते तर तिथल्या एका कार्बनला पाच हात निघाले असते. म्हणून आधी हात मोजायचे आणि मग बेरीज करायची. क्रम हाच ठेवावा.

बाणाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. तो एकाच दिशेला छापलेला असला, तरी ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. ईस्टर आणि पाणी यांच्यापासून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल तयार होत असतं. 1862 मध्ये फ्रान्समध्ये बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी नेमक्या याच जोडीवर प्रयोग केले. आम्ल आणि अल्कोहोल समप्रमाणात, म्हणजे रेणूला रेणू असं घेतलं, तर सुमारे दोन तृतीयांश भागाचाच ईस्टर होतो आणि मिश्रण तिथं स्थिरावतं. उत्प्रेरक हा आकडा वाढवत नाही, फक्त तिथं लवकर पोचवतो. मात्र संहत सल्फ्युरिक आम्ल तयार झालेलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे उलट दिशेची वाट काहीशी अडते. समीकरण वाचून सगळ्याचा ईस्टर झाला असं समजणारी मुलं, परीक्षानळीत अजून व्हिनेगरचा वास का येतोय या प्रश्नाशी अडतात. त्याचं कारण हे आहे.

तो प्रयोग शाळेत शिक्षकांसमोरच करायचा असतो. परीक्षानळीत 1 मिली इथेनॉल आणि 1 मिली शुद्ध इथॅनॉइक आम्ल घ्यायचं, त्यात संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. मग ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात निदान पाच मिनिटं धरायची. थेट ज्योतीवर नाही, कारण इथेनॉल आणि ईस्टर दोन्ही पेट घेतात आणि दोन्ही 80 अंश सेल्सिअसच्या आतच उकळतात. शेवटी ते मिश्रण 20 ते 50 मिली पाण्यात ओतायचं. उरलेलं आम्ल आणि अल्कोहोल पाण्यात मिसळून जातं. ईस्टर पाण्यात कमी विरघळतो आणि पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून त्याचा गोड वास आता मोकळा होतो. हातानं वारा घालून वास घ्यायचा, नाक वर नेऊन नाही. भाचीला तो वास ओळखीचा निघेल, कारण नेलपॉलिशमध्ये द्रावक म्हणून हाच ईस्टर वापरतात.

हे सगळं फोनवर तासाभरात झालं. शेवटी तिनं वही बंद केली आणि समीकरण न बघता पुन्हा काढलं, वेढ्यासकट.

तुमच्या घरी दहावीचं मूल असेल तर त्याला पुस्तकात नसलेलं एक गणित घाला. CH₃–CH₂–COOH हे प्रोपॅनॉइक आम्ल आणि CH₃–OH हे मिथेनॉल, यांच्यापासून कोणता ईस्टर होईल ते आकृतीसह काढायला सांगा. आधी प्रत्येक अणूचे हात मोजू द्या, मग वेढा काढू द्या, आणि रेणुसूत्र सगळ्यात शेवटी लिहू द्या. उत्तर बरोबर आलं तर ते C₄H₈O₂ असेल.